कोऱ्या पाटीला चार्ज देताना

गोष्ट ३९ रुपयांची आहे. डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत ३२ सदनिका आहेत आणि गेल्या वर्षी खजिनदारपद माझ्या गळ्यात पडलं. देखभालीची बिलं तोवर एका जुन्या वहीतून आणि त्याहून जुन्या एक्सेल शीटमधून निघायची. ते शीट कुणी बनवलं, त्यातले आकडे कुठून येतात, हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. मी ठरवलं, एआय चॅटबॉट हाताशी घेऊन नवं शीट बांधायचं. पहिल्या संध्याकाळी सलग तीन तास बसलो. सूत्रं जमली, थकबाकीवरच्या व्याजाचं गणित बसलं, भाडेकरू असलेल्या सदनिकांचं जादा शुल्क निघालं. रात्री साडेअकराला समाधानानं लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या दिवशी नवी चॅट उघडली, अर्धवट शीट चिकटवलं आणि उरलेल्या सदनिकांच्या रांगा पूर्ण करून घेतल्या. आकडे झरझर आले. बिलं छापली, दारोदार गेली. चौथ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरचे काका बिल हातात घेऊन दारात उभे. ते बँकेतून निवृत्त झालेले.

“अहो खजिनदार, हे व्याज चक्रवाढ लावलंय तुम्ही. सर्वसाधारण सभेत सरळव्याज ठरलं होतं ना?”

त्यांची थकबाकी १८,४०० रुपये, सात महिन्यांची. १२ टक्के सरळव्याजानं १,२८८ रुपये होतात. बिलावर १,३२७ होते. फरक ३९ रुपयांचा. रक्कम एवढीशी होती म्हणूनच ती माझ्या नजरेतून सुटली. हजार रुपयांची चूक कुणालाही दिसली असती.

पहिल्या संध्याकाळी सरळव्याज की चक्रवाढ यावर मी दहा मिनिटं खर्च केली होती आणि चक्रवाढीचं सूत्र मुद्दाम काढून टाकलं होतं. पण ते कशासाठी काढलं, हे फक्त त्या चॅटला आणि मला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवसाच्या चॅटला ते कुणी सांगितलंच नव्हतं. सरकारी कचेरीत बदली झालेला माणूस चार्ज न देताच निघून जावा आणि नव्या माणसानं टेबलावरच्या फायली पाहून अंदाजानं काम सुरू करावं, तसं झालं. अंदाज वाईट नव्हता. फक्त चुकीचा होता.

विसरतं कसं?

चॅटबॉटशी बोलताना वाटतं की समोर कुणीतरी बसलंय आणि आपलं बोलणं त्याच्या मनात साठतंय. प्रत्यक्षात आपण नवा संदेश पाठवला की त्या चॅटमधलं आधीचं सगळं संभाषण त्यासोबत पुन्हा मॉडेलपुढे मांडलं जातं. ते सगळं वाचून मॉडेल उत्तर तयार करतं. पुढच्या संदेशाला पुन्हा तेच. म्हणजे आठवण असते ती त्या कागदांच्या चळतीत. नवी चॅट उघडली की चळत नाही, पाटी कोरी.

मग तीच चॅट चालू ठेवली तर? ठेवता येते, पण चळतीला मर्यादा असते. मॉडेल एका वेळी जेवढा मजकूर पुढ्यात घेऊ शकतं, तो टोकनांत मोजतात. टोकन म्हणजे शब्द किंवा शब्दाचा तुकडा. २०२० सालच्या जीपीटी-३ ची मर्यादा २,०४८ टोकनांची होती. आता काही मॉडेलांची लाखांत आहे. तरी लांबलचक चॅट भरते, आणि त्यातून देवनागरी मजकूर इंग्रजीपेक्षा बहुधा जास्त टोकनं खातो. चॅट भरली की काही साधनं जुना भाग गाळतात, काही त्याचा आपोआप सारांश करून पुढे जातात. काय गळलं, हे आपल्याला दर वेळी कळेलच असं नाही.

भरण्याआधीही एक अडचण असते. २०२३ साली स्टॅनफर्डच्या नेल्सन लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेव्हाच्या मॉडेलांची चाचणी घेतली. लांब मजकुराच्या सुरुवातीला किंवा शेवटाला असलेली माहिती मॉडेलं चांगली वापरत होती, मधोमध असलेली मात्र पुष्कळदा निसटत होती. त्यानंतरची मॉडेलं सुधारली आहेत. तरी तीन तासांच्या चॅटच्या पोटात, चक्रवाढ नको असं एका ओळीत सांगून आपण निर्धास्त होणं शहाणपणाचं नाही.

काही साधनांत स्मरणाची सोयही असते. ती माझ्याविषयीच्या ठळक गोष्टी ठेवते: मराठीत लिहितो, सोसायटीचं काम बघतो, वगैरे. पण २०३ क्रमांकाच्या सदनिकेला जादा शुल्क का लावायचं नाही, हे ती ठेवेलच याची खात्री नाही. आणि माझं काम नेमकं अशाच गोष्टींवर अडतं.

कालची चॅट जशीच्या तशी का चिकटवू नये?

काकांचा प्रसंग घडल्यावर मी पहिला उपाय हाच केला. कालचं सगळं संभाषण उचललं आणि नव्या चॅटमध्ये ओतलं. काही राहायलाच नको! पण त्यानं घोळ वाढला. कारण कालच्या चॅटमध्ये बरोबर सूत्र होतं, तसंच चुकीचंही होतं. आधी हे आलं होतं:

```
=ROUND(F14*(1+0.12/12)^G14-F14, 0)
```

मग दुरुस्त होऊन हे:

```
=ROUND(F14*0.12*G14/12, 0)
```

F मध्ये थकबाकीची मुद्दल, G मध्ये महिने. मला ठाऊक होतं की पहिलं रद्द आणि दुसरं कायम. पण कोऱ्या पाटीनं वाचणाऱ्याला दोन्ही दिसतात, आणि मधल्या पन्नास ओळींत कुठेतरी माझं एक त्रोटक ‘नको, साधं ठेवू’ दिसतं. ‘साधं’ म्हणजे सरळव्याज की सूत्र सोपं हवं, हे त्या वाक्यावरून मलाही महिन्याभरानं सांगता आलं नसतं.

संभाषणात चुका, माघार, ‘बघू नंतर’ आणि ठाम निर्णय एकाच रंगात लिहिलेले असतात. चार्ज देताना कुणी दैनंदिनीची सगळी पानं पुढे सरकवत नाही. काय ठरलं, काय राहिलं, कशाला हात लावायचा नाही, एवढं सांगतो. ते निवडण्याचं काम ज्यानं दिवस पाहिला त्यालाच करावं लागतं.

फाइलमध्ये जे दिसत नाही

निवडायचं काय, हे मला दोन-तीन फसलेल्या टिपणांनंतर उमगलं. माझं पहिलं टिपण असं होतं: “आज देखभालीच्या शीटवर बरंच काम झालं. व्याज, भाडेकरूंचं शुल्क आणि पाणीपट्टी यांची सूत्रं तयार झाली. उद्या उरलेल्या रांगा आणि बिलाचा नमुना पूर्ण करायचा.”

वाचायला छान, कामाला शून्य. त्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट शीट उघडलं की दिसतेच. सूत्र आहे, हे शीट सांगतं. ते तसं का आहे आणि दुसरं कुठलं आपण मोडीत काढलं, हे शीट सांगत नाही. केलेलं काम फाइलमध्ये उरतं. नाकारलेलं कुठेच उरत नाही. म्हणून टिपणाची जागा आधी नाकारलेल्या गोष्टींना द्यायची.

हे समजायला सोसायटीचंच दुसरं उदाहरण घेऊ. सदस्यानं सदनिका भाड्यानं दिली की बिनभोगवटा शुल्क लागतं. आमच्या उपविधींप्रमाणे त्याची कमाल मर्यादा सेवाशुल्काच्या दहा टक्के. आमचं सेवाशुल्क महिना १,४५० रुपये, म्हणजे हे शुल्क १४५ रुपये. पण बिलात पाणी, दुरुस्ती निधी, सिंकिंग फंड, मालमत्ता कर असं सगळं मिळून सुमारे ३,२०० होतात. दहा टक्के एवढंच कानावर पडलेला कुणीही ३२० लावील. भाड्यानं दिलेल्या सदनिका नऊ. दर सदनिकेमागे १७५ रुपये जास्त, म्हणजे महिन्याला १,५७५ रुपयांची नियमबाह्य वसुली.

२०३ ची कथा वेगळी. मालक पुण्याला असतात, इथे त्यांची विवाहित लेक राहते. मालक राहत नाही म्हणून शीटच्या नजरेत ती रांग इतर भाड्याच्या रांगांसारखीच. पण उपविधीत जवळच्या कुटुंबीयांना सूट आहे आणि त्यांत विवाहित मुलगी येते. म्हणून तिथे शून्य. आता ‘२०३: शुल्क ०’ एवढंच लिहिलं, तर नीटनेटकेपणाची आवड असलेला कुणीही, माणूस असो की यंत्र, तो शून्य राहून गेलेला आकडा समजून भरून टाकील. कारण लिहिलं तर तो शून्य टिकतो. शिवाय उद्या लेक दुसरीकडे राहायला गेली, तर शुल्क कधी लावायचं हेही त्या कारणातूनच कळतं.

तिसरी नाकारलेली गोष्ट क्षेत्रफळाची. सेवाशुल्क चौरस फुटांवर लावू, मोठ्या घराला जास्त, असा विचार हिशेबाला बसलेल्या कुणाच्याही मनात येतो. ऐकायला न्याय्य वाटतो, म्हणून पुन्हा पुन्हा येतो. पण आमच्या उपविधीत सेवाशुल्क सर्व सदनिकांना सारखं आहे, आणि पाण्याचा खर्च नळांच्या संख्येवर. कारणासकट एकदा नोंद नसेल, तर दर नव्या चॅटमध्ये हा वाद नव्यानं घालावा लागतो. एखाद्या रात्री कंटाळून आपण हो म्हणून बसतो.

टिपण प्रत्यक्षात

आता माझं टिपण कसं दिसतं, ते एकदा पूर्ण वाचा. रोज काम थांबवण्याआधी दहा मिनिटांत हे लिहितो.

“काम: ३२ सदनिकांच्या मासिक देखभाल बिलांचं शीट. दर महिन्याला फक्त थकबाकी आणि महिने भरले की बिलं निघाली पाहिजेत.

आत्ता कुठे आहोत: रांगा ५ ते २४ तपासून पूर्ण. २५ ते ३६ मध्ये नळांची संख्या भरायची आहे. आकड्यांसाठी सोबतचं शीट प्रमाण मानावं, हे टिपण नव्हे.

ठरलेलं: व्याज १२ टक्के, सरळव्याज, सर्वसाधारण सभेचा ठराव. सूत्र: `=ROUND(F14*0.12*G14/12, 0)`. बिनभोगवटा शुल्क फक्त सेवाशुल्काच्या (१,४५०) दहा टक्के, म्हणजे १४५. सदनिका २०३ ला शुल्क नाही, कारण तिथे सदस्याची विवाहित मुलगी राहते. ती गेली तर पुन्हा विचार.

नाकारलेलं: चक्रवाढ व्याज, कारण ठरावाविरुद्ध. एकूण बिलावर दहा टक्के, कारण उपविधीविरुद्ध. क्षेत्रफळावर सेवाशुल्क, कारण उपविधीत सर्वांना समान.

अजून उघडं: दुसऱ्या दुचाकीचं पार्किंग शुल्क. १०० रुपये सुचवले आहेत, ठरलेलं नाही. समितीच्या बैठकीपर्यंत शीटमध्ये घालू नये.

परीक्षेचा आकडा: १८,४०० थकबाकी, ७ महिने, व्याज १,२८८ आलं पाहिजे.

उद्याची पहिली पायरी: रांग २५ पासून नळांची संख्या भरणं. ते होईपर्यंत सूत्रांना हात लावू नये.”

सुमारे एकशेचाळीस शब्द. यातल्या काही ओळींबद्दल थोडं सांगायला हवं.

सूत्र शब्दांत सांगितलेलं नाही, अक्षरशः उतरवलं आहे. सरळव्याजाचं सूत्र वापरावं असं लिहिलं, तर दुसऱ्या दिवशी कुणी भाग १२ नं न करता ३६५ नं करील आणि महिन्यांच्या जागी दिवस घेईल. तेही सरळव्याजच, पण आकडे आधीच्या वीस रांगांशी जुळणार नाहीत. सूत्र, फाइलचं नाव, रकाना, ठरावातला शब्द अशा गोष्टी आपल्या भाषेत सांगायला गेलो की बिघडतात. बाकीचं मोकळेपणानं लिहिलं तरी चालतं.

‘आकड्यांसाठी शीट प्रमाण’ ही ओळ मी एका फजितीनंतर घातली. आधी मी थकबाकीदारांची यादीच टिपणात उतरवायचो. मधल्या दोन दिवसांत दोघांनी पैसे भरले, शीट बदललं, टिपण तसंच राहिलं. मग चॅटपुढे एकाच सदनिकेच्या दोन थकबाक्या आल्या. टिपणानं माहिती कुठे आहे ते दाखवावं, तिची नक्कल बाळगू नये. ‘परीक्षेचा आकडा’ त्याला अपवाद वाटेल, पण तो कुणाचं देणं म्हणून तिथे नाही. ते नमुन्याचं गणित आहे. काकांनी पैसे भरले तरी त्याचं उत्तर बदलत नाही.

आणि टिपणात नावं नाहीत, सदनिकांचे क्रमांक आहेत. कुणाची किती थकबाकी, कुणाच्या घरात कोण राहतं, ही शेजाऱ्यांची माहिती. बाहेरच्या साधनात ती नावानिशी घालण्याचा अधिकार खजिनदाराला कुणी दिलेला नाही. हिशेबाला क्रमांक पुरतात.

सारांश यंत्राकडून घ्यावा का?

दहा मिनिटं तरी कशाला घालवायची, चॅटलाच शेवटी सारांश काढायला लावावा, हे कुणालाही सुचेल. मीही तसं करून पाहिलं. मसुदा म्हणून उपयोग होतो, विशेषतः दोन तासांपूर्वी काय बोललो ते आपण स्वतःच विसरलेलो असतो तेव्हा. पण असा मसुदा मी बऱ्याच वेळा तपासला आहे, आणि तो ठरावीक जागी घसरतो.

पहिली जागा कारणांची. निर्णय येतो, कारण गळतं. ‘२०३ ला शुल्क नाही’ एवढंच राहतं, लेक नाहीशी होते. दुसरी जागा जास्त घातक: अर्धवट गोष्टी पक्क्या होतात. दुसऱ्या दुचाकीच्या शंभर रुपयांबद्दल आम्ही नुसती चर्चा केली होती. मसुद्यात ते ‘पार्किंग शुल्क १०० रुपये’ असं ठरलेल्या गोष्टींच्या रांगेत जाऊन बसलं. सारांश लिहिताना ‘कदाचित’, ‘बैठकीनंतर’, ‘सुचवलं’ हे शब्द सगळ्यांत आधी फालतू वाटतात आणि जातात. दुसऱ्या दिवशीच्या चॅटपुढे तो कागद आला की शंका घ्यायला जागाच उरत नाही, कारण शंकेचा शब्दच पुसलेला असतो. मी तपासलं नसतं, तर पुढच्या बिलात तेरा घरांना न ठरलेलं शुल्क गेलं असतं.

म्हणून मसुदा कुणीही लिहो, ‘ठरलेलं’ या भागातल्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवून मी स्वतःला विचारतो: हे कुणी ठरवलं? सभेनं, उपविधीनं, की मी बोलता बोलता? उत्तर देता आलं नाही, तर ती ओळ ‘उघडं’मध्ये जाते.

घेणाऱ्याची परतपावती

चार्ज देणं हे निम्मं काम. घेणाऱ्याला तो नीट पोचला का, हे उरलेलं निम्मं. रुग्णालयांनी हे फार महाग किंमत मोजून शिकून घेतलं आहे. पाळी बदलताना एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे रुग्णांची माहिती जाते, तेव्हा काही तरी सुटतं आणि त्यातून चुका होतात. त्यावर अमेरिकेत आणि कॅनडात बालरोगतज्ज्ञांनी आय-पास नावाची पद्धत आखली आणि ९ रुग्णालयांत वापरून पाहिली. २०१४ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये तिचे निष्कर्ष आले: वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्या, आणि रुग्णाला इजा करणाऱ्या पण टाळता येण्याजोग्या घटना ३० टक्क्यांनी. या पद्धतीच्या पाच पायऱ्यांतल्या पहिल्या चार माहिती देणाऱ्याच्या आहेत: रुग्ण किती गंभीर, थोडक्यात हकीकत, करायची कामं, आणि काही बिघडलं तर काय करायचं. पाचवी घेणाऱ्याची. त्यानं ऐकलेलं स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं.

चॅटलाही हे लागू करता येतं, पण तिथे नुसतं परत सांगणं फसवं ठरतं. टिपणातली वाक्यं शब्द बदलून गुळगुळीत परत येतात आणि आपल्याला वाटतं, समजलं बरं का! म्हणून मी टिपणात परीक्षेचा आकडा ठेवतो, आणि दुसऱ्या दिवशी तो उत्तरासकट देत नाही. ती ओळ बाजूला ठेवून बाकीचं टिपण आणि शीट चिकटवतो, आणि आधी १८,४०० रुपयांचं सात महिन्यांचं व्याज काढून घेतो. १,२८८ आलं, तर पुढे. १,३२७ आलं, तर चक्रवाढ पुन्हा घुसली. १८,४०० च्या जवळपास काही भलतंच आलं, तर रकाना चुकला. मग भाड्यानं दिलेल्या एका सदनिकेचं शुल्क: १४५ हवं, ३२० नको. दोन मिनिटांची परीक्षा. बिलं छापायच्या आधी, काका दारात यायच्या आधी.

परीक्षेचा आकडा निवडताना एक काळजी घ्यायची. चूक झाली तर उत्तर बदललंच पाहिजे, असा तो हवा. एका महिन्याच्या थकबाकीवर सरळव्याज आणि मासिक चक्रवाढ सारखंच येतं, १८४ रुपये. तो आकडा घेतला असता तर परीक्षा दर वेळी पास, आणि चूक तशीच बिलात.

टिपण म्हातारं होतं

पहिल्या आठवड्यात मी रोजचं टिपण आदल्या टिपणाखाली जोडत गेलो. आठवड्यानं चार पानं झाली आणि तीच जुनी व्याधी परतली: सोमवारी ‘उघडं’ असलेली गोष्ट बुधवारी ठरली, पण सोमवारची ओळ तशीच वर. आता मी जोडत नाही, नव्यानं लिहितो. कालचं टिपण समोर घेऊन आजचं एकच पान करायचं, वर तारीख टाकायची, जुनं वेगळ्या फोल्डरात टाकायचं. मिटलेली गोष्ट ‘उघडं’मधून जाते. नाकारलेल्या गोष्टी मात्र मी सहसा काढत नाही, कारण त्याच परत येतात.

प्रत्येक चॅटला हे करायची गरज नाही. पोहे किती वेळ भिजवायचे हे विचारून झाल्यावर कुणी टिपण लिहिणार नाही. काम दुसऱ्या दिवशी पुढे जाणार असेल आणि आज आपण एखाद्या पर्यायाला विचार करून नाही म्हटलं असेल, तर लिहायचं. त्यातही वेळ महत्त्वाची. मी सुरुवातीला ‘आता झोपतो, सकाळी लिहीन’ म्हणायचो. सकाळी काय केलं ते आठवायचं, का केलं ते धूसर व्हायचं. कारणं सगळ्यांत आधी विरतात, म्हणून लॅपटॉप मिटायच्या आधीची दहा मिनिटं त्यांचीच.

काकांचे ३९ रुपये पुढच्या बिलात वळते केले. मार्चनंतर समिती बदलली आणि मी खजिनदारपदाचा चार्ज दिला, या वेळी माणसाला. दुसऱ्या मजल्यावरच्या एक ताई आल्या. त्या एआयच्या वाटेला जात नाहीत, शीट स्वतः हातानं भरतात. मी त्यांना फाइल दिली आणि शेवटचं टिपण छापून दिलं. त्यांनी उभ्या उभ्याच वाचलं. २०३ च्या ओळीशी थांबल्या, मान डोलावली. क्षेत्रफळाच्या ओळीशी हसल्या, म्हणाल्या, “हे मी पहिल्याच बैठकीत सुचवणार होते.”

मग कागदाची घडी घालता घालता त्यांनी एकच प्रश्न विचारला, “आणि त्या दुसऱ्या दुचाकीचं काय?”

ते अजून उघडं आहे.